ताशी दहा, हातात आठ

ऑफिसला धावत जाणाऱ्या माणसाला लोक आधी विचारतात, "गाडी बिघडली का?" नाही म्हटलं की, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" तेही नाही म्हटलं की प्रश्नकर्त्याचा चेहरा पडतो. आपल्या हातून एक चांगली दुःखद बातमी निसटली, असं त्याला वाटतं. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो विचारतो, "बरं, ॲव्हरेज किती देतोस?"

या प्रश्नाची माझ्या घरात दोन उत्तरं आहेत. एक माझ्या मनगटावरच्या घड्याळाचं आणि एक बायकोचं. घड्याळ म्हणतं ताशी दहा किलोमीटर. बायको म्हणते आठ.

बायकोकडे उपग्रह नाहीत. तिच्याकडे स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ आहे आणि मी सव्वाआठला डबा पाठीवर टाकून जिना उतरतो हे तिनं पाहिलेलं असतं. ऑफिसच्या दारातल्या यंत्रावर माझं बोट नऊला पडतं, हे मीच तिला अभिमानानं सांगितलं होतं. डहाणूकर कॉलनीतून कर्वे रस्त्यानं डेक्कन आणि तिथून शिवाजीनगर, अंतर सहा किलोमीटर. पंचेचाळीस मिनिटांत सहा म्हणजे तासाला आठ. तिनं हे गणित कणीक मळता मळता केलं आणि वर विचारलं, "उरलेले दोन कुठे टाकून आलास?"

मी हिशेब खात्यात नोकरी करतो, त्यामुळे हे दोन किलोमीटर कुठे जातात ते मला नीट समजतं. पत्रिकेत छापायचा पगार वेगळा आणि महिन्याच्या एक तारखेला हातात पडणारा वेगळा. पगारातून भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर असं काहीबाही कापलं जातं. माझ्या वेगातून कर्वे पुतळा, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन आणि गुडलक चौक कापले जातात. फरक इतकाच, की निर्वाह निधी निवृत्तीनंतर परत मिळतो.

हे सगळं लपवण्याची सोय घड्याळाच्या कंपनीनं करून ठेवली आहे. आपण थांबलो की घड्याळही आपोआप थांबतं आणि आपण हललो की पुन्हा सुरू होतं. घरी आल्यावर पडद्यावर दोन आकडे दिसतात: Moving Time आणि Elapsed Time. पहिला मोठ्या ठळक अक्षरांत असतो, दुसरा शोधावा लागतो. माझ्या खात्यात पहिला असतो छत्तीस मिनिटं आणि दुसरा पंचेचाळीस. मधली नऊ मिनिटं मी या पृथ्वीवर नव्हतोच, असं घड्याळाचं प्रामाणिक मत आहे.

ही सोयसुद्धा मेट्रोच्या पुलाखाली गडबडते. कर्वे रस्त्यावर डोक्यावर काँक्रीट आणि दोन्ही बाजूंना इमारती, त्यामुळे उपग्रहाचा संदेश कुठेतरी आपटून येतो आणि घड्याळाला वाटतं, हा माणूस रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला, परत आला, आता दुभाजकावर आहे. मी बिचारा झेब्रा पट्ट्यांपाशी खांबासारखा उभा असतो. घरी नकाशा पाहिला तर नळ स्टॉपला कुणी लोकरीचा गुंडा विस्कटल्यासारखी रेघ. न धावता मिळालेले ते वीसतीस मीटर मी नाकारत नाही. महागाईच्या दिवसांत एवढं चालतं.

उभं राहण्यापेक्षा जागच्या जागी धावलं तर? तोही प्रयोग झाला. रिक्षातून शाळेला निघालेलं एक पोरगं बाहेर डोकावून ओरडलं, "काका, तुमचा रस्ता संपला का?" दुसऱ्या दिवशी शेजारी स्कूटरवर थांबलेल्या बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि दयेनं म्हणाल्या, "दादा, एवढी घाई असेल तर बसा मागे. डेक्कनपर्यंत सोडते." त्या डेक्कनला माझ्याआधी पोचल्या असत्या, याचंच जास्त वाईट वाटलं. शिवाय जागेवर उड्या मारण्यात एक शास्त्रीय अडचण आहे. धावताना अंगावर वारा लागतो, घाम उडून जातो. थांबलं की वारा बंद आणि घाम मात्र चालू. ऑफिसच्या शर्टाचं खरं नुकसान धावताना होत नाही, सिग्नलला होतं.

ऑफिसात मी ही नऊ मिनिटं मांडली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "सोपं आहे. धावताना दहा, थांबताना शून्य. दहा आणि शून्याची सरासरी पाच."

"अरे, मग मी एकदाच सेकंदभर थांबलो तरी पाचच का?"

"थांबलास ना? मग झालं."

हा गृहस्थ कर्जाच्या व्याजाचे तक्ते करतो. त्याला मी समजावलं, की वेगांची सरासरी अशी काढत नाहीत. वेळा मिळवायच्या, मग एकूण अंतराला एकूण वेळेनं भागायचं. छत्तीस मिनिटं धाव, नऊ मिनिटं थांबा, मिळून पंचेचाळीस. सहा किलोमीटर भागिले पाऊण तास, आठ. तो म्हणाला, "म्हणजे वहिनी म्हणतात तेच." इतका वेळ घालवून मी बायकोचाच आकडा सिद्ध केला होता.

आता नऊच मिनिटं का, तेही सांगतो. सिग्नलची एक फेरी एकशेवीस सेकंदांची धरा. त्यात रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला हिरवा वीस सेकंद आणि उरलेले शंभर सेकंद लाल. मी आपला केव्हाही पोचणार, त्यामुळे सहापैकी पाच वेळा लालच भेटणार. तो कधी नुकताच पडलेला असतो, कधी जायच्या बेतात. तेव्हा लाल भेटला की सरासरीनं पन्नास सेकंद उभं राहणं आलं. पाच वेळा पन्नास आणि एकदा शून्य, म्हणजे एका चौकाला साधारण बेचाळीस सेकंद. कुठे कमी लागतात, कुठे जास्त, पण असे तेरा थांबे माझ्या वाटेवर आहेत. तेरा गुणिले बेचाळीस, नऊ मिनिटं.

हे नऊ मिनिटांचं खातं पायांच्या हातात नाही, ही त्यातली खरी मेख. मी जोर लावून ताशी बारानं धावलो, तर धावण्याची मिनिटं छत्तीसची तीस होतात, पण नऊ ती नऊच. एकोणचाळीस मिनिटांत सहा, म्हणजे ताशी सव्वानऊ. दोन किलोमीटरची मेहनत केली आणि हातात सव्वा पडला. बायकोसमोर ताठ मानेनं "दहा" म्हणायचं असेल तर सगळं मिळून छत्तीस मिनिटांत पोचायला हवं. त्यातून नऊ वजा केले की धावायला उरतात सत्तावीस. म्हणजे पाठीवर डबा, डब्यात आमटी आणि वेग ताशी तेरा पूर्णांक तीन. एकदा त्याच्या आसपास गेलो होतो. वेगाची नोंद घड्याळात झाली, आमटीची शर्टावर.

बरं, मी सामान्य माणूस. आपण एल्यूड किपचोगेला आणू. 2019च्या ऑक्टोबरात व्हिएन्नात हा माणूस बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन दोन तासांच्या आत, 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत धावला. ताशी एकवीस किलोमीटरच्या वर. पण त्याच्यासाठी रस्ता मोकळा केलेला होता, पुढे गाडी होती आणि ती गाडी लेझरनं रस्त्यावर हिरव्या रेघा टाकत होती. सबंध वाटेवर हिरवंच हिरवं. त्याला कर्वे पुतळ्यापाशी सोडा. सहा किलोमीटर तो सतरा मिनिटांत संपवील, नऊ मिनिटं माझ्याशेजारी उभा राहील, एकूण सव्वीस. हातात पडणारा वेग ताशी चौदाच्याही आत. वर घरी विचारणार, "उरलेले सात कुठे टाकून आलास?"

त्याही पुढे जाऊ. समजा, मी प्रकाशाच्या वेगानं धावू लागलो. मग सहा किलोमीटर धावायला वेळच लागणार नाही, पण तेरा थांबे राहतीलच. नऊ मिनिटांत सहा किलोमीटर म्हणजे ताशी चाळीस. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. डहाणूकर कॉलनीतून शिवाजीनगरला नऊ. आणि ताशी पन्नासनं स्कूटर हाणणारी, लाल दिवा हा इतरांसाठी असतो असं मानणारी मुलं आपल्याकडे रोज दिसतात. ती प्रकाशाला मागे टाकून जातात. आइनस्टाइनना पुण्यात कुणी बोलावलं नाही, त्यामुळे त्यांचा सिद्धांत टिकला.

माझा अहंकार मात्र किपचोगेमुळे गेला नाही, वरच्या मजल्यावरच्या काकांमुळे गेला. काका सत्तरीचे. पायात चपला, हातात कापडी पिशवी, सकाळी डेक्कनला भाजीला चालत जातात. घरापाशी मी त्यांना ओलांडतो तेव्हा "या काका मागून" असं हसून म्हणतो. पहिल्या चौकात मी कंबरेवर हात ठेवून उभा असतो. दिवा हिरवा होतो, मी सुटतो. पुढच्या चौकात पुन्हा उभा. आणि दिवा हिरवा असतानाच मागून आवाज येतो, "काय, अजून इथेच?"

हे कसं होतं, ते मी एका रविवारी कागदावर काढलं. दोन सिग्नलमध्ये दोनशे मीटर आहेत आणि दोन्हींचा हिरवा एकाच वेळी पडतो असं धरा. आम्ही दोघंही हिरवा पडताच निघालो. ताशी दहानं मला दोनशे मीटरला बहात्तर सेकंद लागतात. पुढचा हिरवा एकशेविसाव्या सेकंदाला, म्हणजे मी अठ्ठेचाळीस सेकंद उभा. काका ताशी साडेपाचनं चालतात. ते एकशे एकतिसाव्या सेकंदाला पोचतात. तेव्हा हिरवा अकरा सेकंद जुना झालेला, अजून नऊ सेकंद शिल्लक. काका पिशवी सावरत, पाऊल न थांबवता पार. माझा त्या तुकड्यातला निव्वळ वेग ताशी सहा, काकांचा साडेपाच. अर्ध्या किलोमीटरच्या फरकासाठी मी बूट, मोजे, घड्याळ आणि गुडघे यांवर खर्च करतो.

काकांना मी हा कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "म्हणजे तूही हळू ये. ताशी सहानं आलास तर न थांबता पोचशील." हे गणिताच्या दृष्टीनं बिनचूक होतं. तेव्हापासून मी त्यांच्याशी हवापाण्यावर बोलतो.

चौकांमधलं अंतर वेगळं आणि दिवे वेगवेगळ्या वेळी पडत असले की आकडे बदलतात, हे खरं. पण ते धावणाऱ्याच्या फायद्याचे व्हायचे कारण नाही. ओळीनं हिरवे दिवे मिळावेत असं जेव्हा जमवतात तेव्हा ते वाहनांच्या वेगाला जुळवतात. ताशी तीसचाळीसनं येणाऱ्याला हिरवा, पुढे पुन्हा हिरवा. ताशी दहावाल्याला ती लाट अर्ध्या वाटेत सोडून जाते. त्यात चौकात मामा उतरले आणि दिवा हातानं चालवू लागले तर फेरी दोन मिनिटांची कधी चारची होते, सांगता येत नाही. मामांना समोरची रांग दिसते, झेब्रा पट्ट्यांपाशी उड्या मारणारा इसम दिसत नाही. दिसला तरी तो कुठल्या रांगेत मोजायचा, हा प्रश्नच. मग हिरवा पडला की डावीकडे वळणारी वाहनं सुरू. त्यांच्या मते डावं वळण हा जन्मसिद्ध हक्क आहे, त्यामुळे वीस सेकंदांतले पहिले सातआठ सेकंद त्यांना वाट देण्यात जातात. उरलेल्यात दुभाजक गाठायचा आणि तिथे एका पायावर पुढच्या अर्ध्या रस्त्याचा विचार करायचा.

उपाय केले नाहीत असं नाही. वेग वाढवण्यापेक्षा थांबे कमी करणं स्वस्त पडतं, हे हिशेबातून कळलं होतं. चार थांबे टळले तर पावणेतीन मिनिटं वाचतात. तीच पायांनी वाचवायची तर दहाचा वेग जवळजवळ अकरावर न्यावा लागतो. म्हणून नळ स्टॉपला डावीकडे लॉ कॉलेज रस्त्याला लागून, प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून डेक्कनला उतरायचं ठरवलं. झाडं, सावली, पाच थांबे कमी. साडेतीन मिनिटं वाचली. पण वाट सहाशे मीटरनं लांब, तिला लागली तीन मिनिटं छत्तीस सेकंद. सहा सेकंदांचा तोटा झाला, पण शांतता होती. ती तिसऱ्या की चौथ्या गल्लीपर्यंत टिकली. तिथल्या एका बंगल्याच्या कुत्र्याला मी आवडलो. त्या तुकड्यात माझा वेग ताशी सतरा झाला आणि तो अजूनही घड्याळात माझा सर्वोत्तम म्हणून झळकतो आहे. तरीही निव्वळ सरासरी वाढली नाही, कारण कुत्र्यानं मला उलट्या दिशेला नेलं होतं.

मग मेट्रोच्या स्थानकाचा जिना. नळ स्टॉपला एका बाजूनं वर चढायचं, वरच्या मजल्यावरून रस्ता पार करायचा, दुसऱ्या बाजूला उतरायचं. लाल दिवा नाही, मामा नाहीत, डावं वळण नाही. वर पोचलो तेव्हा धापा टाकत होतो. सुरक्षारक्षकानं आपुलकीनं सांगितलं, "साहेब, पळू नका, पाच मिनिटांनी दुसरी आहे." खाली उतरलो तर ज्या हिरव्याची वाट पाहायची नाही म्हणून वर गेलो होतो, तो पडून गेलेला होता आणि त्यात सुटलेले काका पुढच्या चौकाकडे निघाले होते.

एक युक्ती मात्र खरोखर कामाची निघाली. जिथे पुढे जायचं आणि रस्ताही ओलांडायचा अशी दोन्ही कामं असतात, तिथे आधी कुठलं करायचं ते घरून ठरवून निघायचं नाही. समोरचा दिवा हिरवा असेल तर पुढे जा, बाजूचा हिरवा असेल तर ओलांडून घ्या. ओलांडणं पुढच्या कुठल्याही चौकात करता येतं. माझ्या वाटेवर यानं दोनेक थांबे फुकटात सुटतात. धोका एवढाच, की शेवटच्या चौकापर्यंत बाजूचा हिरवा मिळालाच नाही तर माणूस ऑफिसच्या समोरच्या फुटपाथवर उभा राहून सहकाऱ्यांना हात करतो.

आणि ऑफिसात पोचल्यावर तरी वेळ थांबते का? घड्याळ बंद होतं, वेळ नाही. लिफ्टसमोर रांग, तोही एक लालच. मग वॉशरूममध्ये टॉवेल, कोरडा शर्ट, घाम संपेपर्यंत पंख्याखाली उभं राहणं. लगेच शर्ट घातला तर तोही ओला. खुर्चीत बसेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं. म्हणजे उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत तासाला सहा. मित्रानं हे ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. "पाचच्या जवळ येतोय बघ," म्हणाला.

आता थोडं सिग्नलच्या वेळा ठरवणाऱ्या साहेबांना. साहेब, मला उड्डाणपूल नको, भुयारी मार्ग तर नकोच, कारण त्यात पावसाळ्यात पोहावं लागतं. चालणाऱ्यांचा हिरवा वीसचा तीस करा, एवढंच. लाल शंभरचा नव्वद होईल, दर चौकाची सरासरी वाट बेचाळीस सेकंदांची चौतीस होईल आणि तेरा चौकांत पावणेदोन मिनिटं सुटतील. तेवढं मला पायांनी मिळवायचं तर ताशी साडेदहानं धावावं लागतं आणि माझ्या वयात तो अर्धा किलोमीटर फार महाग आहे. तुमच्याकडे तो बटणावर आहे. वाहनवाल्यांचे दहा सेकंद जातील, हे मान्य. त्यांना सांगा, तुमचा ॲव्हरेज तरी चांगला आहे. आणि काकांनाही तीस सेकंदांत दुभाजकावर न थांबता पलीकडे जाता येईल. ते पुन्हा माझ्या पुढे जातील, पण ते मी सोसेन.